फास्टिंग १२०च्या आसपास, मग एचबीए१सी ७.९ कसं? आईबाबांची शुगरची वही आणि लॅबचे रिपोर्ट एकत्र कसे वाचायचे

बऱ्याच घरांत असं चित्र असतं की आई किंवा बाबा रोज सकाळी उठून नेमाने बोटाला टोचतात, वहीत आकडा लिहितात, आकडाही बरा असतो, ११५, १२२, ११८ असा, आणि मग तीन महिन्यांनी लॅबचा रिपोर्ट येतो त्यात एचबीए१सी, म्हणजे गेल्या तीनेक महिन्यांच्या सरासरी शुगरचा अंदाज देणारा आकडा, ७.९. मग कोणी म्हणतं मशीन खराब आहे, कोणी म्हणतं लॅब बोगस आहे, आणि आईवर उगाच संशय येतो की ही गुपचूप गोड खाते. खरं म्हणजे बहुतेक वेळा मशीनही बरोबर असतं, लॅबही बरोबर असते आणि आईसुद्धा खरंच बोलत असते. फक्त वही दिवसातल्या एकाच वेळेकडे बघत असते. हे कसं ओळखायचं आणि पुढे काय करायचं ते एक वही समोर ठेवून बघू.

वही एका काकूंची आहे असं समजा. वय ६६, टाइप २ डायबिटीस ११ वर्षं, गोळी मेटफॉर्मिन आणि ग्लायमेपिराइड एकत्र असलेली, सकाळी नाश्त्याआधी एक आणि रात्री जेवणाआधी एक. आकडे समजावण्यासाठी घेतलेत, पण असा पॅटर्न खूप घरांत सापडतो.

वहीत काय होतं आणि रिपोर्टात काय आलं

सहा आठवड्यांच्या वहीत जवळपास तीस आकडे सकाळच्या उपाशीपोटीचे, १०९ ते १३१ च्या मधले, सरासरी ११९. आणि दर रविवारी मुलगा घरी असतो म्हणून दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी एक, ते सहा आकडे असे: १६८, १५९, १७४, १६२, १८१, १६६. मशीनमध्ये सरासरी दाखवायचं बटण असतं, तिथे सगळ्यांची मिळून १२७ दिसत होती.

लॅबच्या रिपोर्टात फास्टिंग १२२, जेवणानंतरची म्हणजे पीपी १७१, एचबीए१सी ७.९.

आता एचबीए१सी टक्क्यांत येतं आणि वही मिलिग्रॅममध्ये असते, त्यामुळे दोन्हींची तुलना करायला आधी एका मापात आणावं लागतं. त्याचं सूत्र असं: २८.७ ला एचबीए१सीने गुणायचं आणि त्यातून ४६.७ वजा करायचे. ७.९ घेतलं तर साधारण १८० येतात. म्हणजे लॅब म्हणते की गेल्या काही आठवड्यांत काकूंची दिवसरात्र मिळून सरासरी शुगर १८० च्या आसपास होती, आणि वही म्हणते १२७. बऱ्याच लॅबा हा सरासरीचा आकडा रिपोर्टात खालच्या ओळीत स्वतःच छापून देतात, आपण बघत नाही एवढंच. (तुम्ही इंग्लंडसारख्या देशात असाल आणि तिकडच्या सवयीने ६.६, ७ असे आकडे वाचत असाल तर ते १८ ने गुणा म्हणजे इकडचे होतात.)

पाच-दहाचा फरक असता तर सोडून दिला असता, कारण हे सूत्र अंदाजाचं आहे, दोन माणसांचं एचबीए१सी सारखं असूनही सरासरी वेगळी असू शकते. पण इथे ५३ चा फरक आहे. एवढा फरक पडायला तीनच कारणं असू शकतात: मशीन कमी दाखवतंय, किंवा एचबीए१सी खोटं जास्त आलंय, किंवा शुगर अशा वेळी वाढतेय जेव्हा कोणी बघतच नाही. याच क्रमाने तपासायचं, कारण पहिली दोन तपासणं सोपं आहे आणि ती निकालात काढल्याशिवाय तिसऱ्यावर विश्वास बसत नाही.

आधी मशीन

मशीन तपासायची सगळ्यात चांगली वेळ म्हणजे लॅबवाला रक्त काढायला येतो तीच. त्याने दंडातून रक्त काढलं की पाचेक मिनिटांच्या आत, काही खाण्यापिण्याआधी, आपल्या मशीनवर बोट टोचून आकडा घ्यायचा आणि रिपोर्ट आला की शेजारी लिहायचा. काकूंचं मशीनवर १२८ आणि लॅबमध्ये १२२ आलं, फरक सहाचा, म्हणजे पाच टक्के. हे उत्तम आहे. चांगल्या मशीनसाठी जो आंतरराष्ट्रीय निकष आहे त्यात शंभरच्या वर १५ टक्के आणि शंभरच्या खाली १५ मिलिग्रॅम इतका फरक चालतो, म्हणजे लॅब १५० असताना मशीन १३० किंवा १७० दाखवत असेल तरी ते मशीन खराब म्हणता येत नाही. हे एकदा डोक्यात बसलं की कालचे ११५ आणि आजचे १२४ यावर घरात होणारी चर्चा बंद होते, तो फरक मशीनच्या स्वतःच्या हलण्याएवढाच आहे.

ही तुलना फास्टिंगलाच करा, जेवणानंतर नको. जेवल्यावर बोटाच्या रक्तातली शुगर दंडातल्या शिरेपेक्षा खरोखरच जास्त असते, कारण शिरेतलं रक्त स्नायूंना शुगर देऊन परत निघालेलं असतं, त्यामुळे तिथे वीस-पंचवीस टक्क्यांचा फरक दिसला तरी ती मशीनची चूक नाही.

आणि कधीकधी लॅबचाच आकडा कमी येतो. शुगरसाठीचं रक्त करड्या झाकणाच्या नळीत घेतात, त्यात फ्लोराइड असतं, ते रक्तातल्या पेशींना शुगर खाऊ देत नाही. साध्या नळीत रक्त घेऊन ते दोन-तीन तास तसंच पडून राहिलं तर तासाला पाच ते सात टक्के शुगर नळीतच कमी होते. घरी येऊन रक्त नेणाऱ्याने दहा घरं फिरून मग लॅब गाठली असेल तर हा प्रश्न विचारायला काहीच हरकत नाही. एचबीए१सीची जांभळ्या झाकणाची नळी वेगळी असते, त्याला हा त्रास नाही आणि त्याला उपाशी राहायचीही गरज नाही.

पट्ट्यांचं म्हणाल तर डबी उघडल्यावर किती महिने चालते ते डबीवर लिहिलेलं असतं, उघडल्याची तारीख पेनाने डबीवर टाका, आणि आपल्याकडे पावसाळ्यात झाकण उघडं राहिलं की दमट हवेने पट्ट्या बिघडतात हे लक्षात असू द्या. एखादा आकडा अचानक २८० आला आणि काकू ठणठणीत असतील तर पहिला प्रश्न हाच की आत्ता हातात काय होतं. आंबा कापून, गूळ फोडून किंवा लाडू वळून आलेल्या बोटाला टोचलं तर बोटावरचा गोडवाच पट्टीवर जातो. साबणाने हात धुवून, पूर्ण कोरडे करून परत बघा, सॅनिटायझर चोळून नाही.

एक नाजूक गोष्ट. वहीवर विसंबू नका, मशीनची मेमरी उघडून वहीशी ताडून बघा, पण आईसमोर चौकशीसारखं नाही. म्हातारी माणसं पुष्कळदा जास्त आलेला आकडा लिहीतच नाहीत, मुलं ओरडतील म्हणून किंवा स्वतःलाच वाईट वाटतं म्हणून. मेमरी बघताना मशीनचं घड्याळ बरोबर आहे ना तेही बघा, सेल बदलल्यावर तारीख-वेळ गडबडते आणि मग रात्रीचा आकडा सकाळचा म्हणून मोजला जातो.

मग एचबीए१सीवर विश्वास ठेवायचा का

हा आकडा लाल पेशींना किती शुगर चिकटली त्याचा आहे, आणि लाल पेशी सुमारे चार महिने जगते. त्यामुळे पेशींचं आयुष्य कमीजास्त झालं की आकडा चुकतो. लोह कमी असल्यामुळे ॲनिमिया असेल तर एचबीए१सी खोटं जास्त येऊ शकतं. उलट नुकतंच रक्त चढवलं असेल, रक्तस्राव झाला असेल, पेशी लवकर फुटत असतील, किंवा किडनीच्या आजारात रक्तवाढीची इंजेक्शनं चालू असतील तर ते खोटं कमी येऊ शकतं. विदर्भात आणि नंदुरबारकडच्या काही समाजांमध्ये सिकलसेल आढळतं, तसं घरात असेल किंवा थॅलेसेमिया मायनर असेल तर एचबीए१सीचा आकडा कोणत्या पद्धतीने काढला यावरही तो बदलतो, डॉक्टरांना ते आधीच सांगा.

म्हणून एचबीए१सी वाचताना शेजारी हिमोग्लोबिन आणि किडनीचं सांगणारं क्रिएटिनिन ठेवायचं. काकूंचं हिमोग्लोबिन १२.४, किडनी ठीक, रक्त चढवलेलं नाही. म्हणजे ७.९ वर शंका घ्यायला जागा नाही. जागा असती तर डॉक्टर फ्रुक्टोसअमाइन नावाची टेस्ट सांगू शकतात, ती लाल पेशींवर अवलंबून नसते आणि गेल्या दोन-तीन आठवड्यांचं सांगते.

अजून एक बघायचं म्हणजे काळ. एचबीए१सीला तीन महिन्यांची सरासरी म्हणतात पण त्यात सगळ्या महिन्यांना सारखं वजन नसतं, साधारण निम्मा वाटा शेवटच्या महिन्याचा असतो, त्याच्या आधीच्या महिन्याचा पाव, आणि उरलेला त्याआधीचा. त्यामुळे दोन महिन्यांपूर्वीची दिवाळी, लग्नघर किंवा दम्यासाठी घेतलेला स्टेरॉइडचा कोर्स आकड्यात थोडा उतरतो पण सगळं त्याच्यावर ढकलता येत नाही. काकूंच्या बाबतीत असं काही झालंच नव्हतं.

राहिली ती न बघितलेली वेळ

आता वहीचं पान तारखेप्रमाणे वाचायचं सोडा आणि वेळेप्रमाणे लावा. एका कागदावर सात रकाने आखा: नाश्त्याआधी, नाश्त्यानंतर, दुपारच्या जेवणाआधी, नंतर, रात्रीच्या जेवणाआधी, नंतर, आणि पहाटे तीन. वहीतला प्रत्येक आकडा आपापल्या रकान्यात टाका. काकूंचा पहिला रकाना भरून वाहत होता, चौथ्यात सहा आकडे होते, बाकी पाच रकाने पूर्ण कोरे. दुपारी साडेतीननंतर दुसऱ्या दिवशी सकाळी सातपर्यंत, म्हणजे पंधरा-सोळा तास, काकूंच्या शुगरचं काय होतं ते कोणालाच माहीत नव्हतं, आणि एचबीए१सी मात्र ते सगळे तास मोजत होतं.

लोक विचारतात मग लॅबची पीपी १७१ कशी आली. ती त्या दिवशीच्या त्या जेवणाची आहे. लॅबच्या दिवशी बहुतेक जण जरा सांभाळूनच खातात, काकूंनी त्या सकाळी पोहे आणि गोड चहा टाळून अर्धी भाकरी आणि भाजी खाल्ली होती. आणि कित्येक जण तर टेस्ट आहे म्हणून सकाळची गोळीच घेत नाहीत, मग आकडा उलटा जास्त येतो. पीपीसाठी रोजचं जेवण, रोजची गोळी, आणि पहिला घास घेतल्यापासून दोन तास, जेवण संपल्यापासून नाही. अर्धा तास जेवत बसणाऱ्या माणसाला यानेही बराच फरक पडतो.

दोन आठवडे जोडीने टोचायचं

कोरे रकाने भरायला रोज सात वेळा टोचायची गरज नाही, एवढं कोणत्याही आईला करायला लावू नये. एका दिवशी एकच जेवण घ्यायचं, त्याच्या लगेच आधी एक आणि पहिल्या घासानंतर दोन तासांनी एक. काकूंनी दोन आठवड्यांत नाश्त्याच्या चार जोड्या, दुपारच्या तीन, रात्रीच्या चार आणि पहाटे तीनचे दोन आकडे घेतले, एकूण २४ पट्ट्या, म्हणजे २५ ची एक डबी. एकाच जेवणाच्या जोड्या सलग दिवशी नको, कामाचे दिवस, रविवार, एखादा उपासाचा दिवस असे विखरून घ्या, आणि आकड्याशेजारी तीन-चार शब्द लिहा: काय खाल्लं, गोळी किती वाजता, फिरायला गेले का. टोचताना बोटाच्या अगदी टोकाला नको, कडेला टोचा, आणि बोटं बदलत राहा, नाहीतर आठवड्यात बोटं दुखायला लागतात आणि सगळं तिथेच थांबतं.

आकडे असे आले, पहिला आधीचा, दुसरा दोन तासांनंतरचा:

नाश्ता: ११७ आणि २२१, १२२ आणि २०९, ११४ आणि २२८, १२४ आणि २१४
दुपार: १६१ आणि १७२, १५४ आणि १६३, १५९ आणि १६९
रात्र: १७८ आणि २४६, १९१ आणि २६७, १७१ आणि २३९, १८८ आणि २५६
पहाटे तीन: १०४, ९७

सरासरी काढली तर नाश्त्याआधी ११९ नंतर २१८, दुपारी १५८ वरून १६८, रात्री १८२ वरून २५२, पहाटे १०० च्या जवळ. आता या सात रकान्यांच्या सात सरासऱ्यांची सरासरी काढा, १७१ येते. लॅबने सांगितलेले १८० आणि हे १७१ जवळपास जुळले, आणि मुळात एवढ्या थोड्या आकड्यांवरून याहून जास्त जुळावं अशी अपेक्षाही करू नये, कारण दोन तासांच्या आधी शुगरचं जे टोक येऊन जातं ते यात नाहीच. म्हणजे वहीतली हरवलेली शुगर सापडली, ती नाश्त्यानंतर आणि संध्याकाळपासून रात्री उशिरापर्यंत होती.

जोडी वाचायची ती दोन प्रश्नांनी

एक, जेवणाने किती चढली. दोन, जेवायला बसताना मुळात किती होती. हे दोन वेगळे आजार आहेत असं समजून बघा कारण त्यांचे उपाय वेगळे आहेत.

नाश्त्याला सुरुवात चांगली आहे, ११९, पण चढ ९९ चा. इथे ताटात काय आहे तोच प्रश्न. पोहे, वर दोन चमचे साखरेचा चहा, आणि पुष्कळदा सोबत दोन बिस्किटं. सकाळी शरीर तसंही इन्शुलिनला कमी दाद देतं, त्यामुळे जे ताट दुपारी पचून जाईल तेच सकाळी जास्त चढवतं.

दुपारी चढ फक्त दहाचा. बाजरी-ज्वारीची भाकरी, भाजी, आमटी, कोशिंबीर, थोडासा भात, आणि नंतर काकू घरात वावरत असतात. म्हणजे हे जेवण काकूंना सोसतं, त्याला हात लावायचा नाही. हे सांगणं फार महत्त्वाचं आहे कारण रिपोर्ट वाईट आला की घरात पहिली कुऱ्हाड दुपारच्या जेवणावरच पडते.

रात्रीचं बघताना सगळे २५२ कडे बघून म्हणतात भात बंद. पण चढ ७० चा आहे, खराब आहे पण नाश्त्यापेक्षा कमी, आणि खरी अडचण अशी की काकू जेवायला बसतानाच १८२ वर असतात. दुपारी साडेतीनला १६८ होती, जेवण सव्वानऊला, मधल्या पावणेसहा तासांत ती खाली यायला हवी होती, ती उलट वर गेली. मधे काय होतं? शेजारच्या शब्दांत लिहिलेलंच होतं: साडेसहाला चहा, खारी, मूठभर चिवडा, कधी शेव. त्या चिवड्याच्या उंचीवर उभं राहून रात्रीचं जेवण चढतं.

आणि आता पहाटेचा रकाना. रात्री सव्वाअकराला २५० आणि पहाटे तीनला १००, म्हणजे चार तासांत दीडशेची उतरण, त्यात रात्रीच्या गोळीतल्या ग्लायमेपिराइडचा हात आहे. नंतर तीन ते सात थोडी वर जाऊन ११९, ती पहाटे शरीराची स्वतःची हॉर्मोनं वाढवतात. यामुळेच सकाळचा आकडा इतका छान दिसत होता, रात्रभराचं सगळं त्याच्या आधी घडून गेलेलं असायचं.

या रकान्यासाठी दोन दिवस गजर लावून उठणं जड वाटतं पण ते टाळू नका, विशेषतः ग्लायमेपिराइड, ग्लिक्लाझाइड किंवा रात्रीचं इन्शुलिन चालू असेल तर. विचार करा, डॉक्टरांसमोर फक्त ७.९ गेलं आणि रात्रीचा डोस वाढला तर १०० च्या जागी पहाटे ६० होऊ शकते, आणि झोपेत ६० झालेली कोणाला कळणार. म्हाताऱ्या माणसांत शुगर कमी झाल्याचं घाम-थरथर दरवेळी दिसत नाही, चिडचिड, बरळणं, सकाळी डोकं जड, बाथरूमला जाताना तोल जाणं असं दिसतं, आणि बीपीसाठी बीटा ब्लॉकर गोळी असेल तर थरथर आणि धडधड झाकलीच जाते.

एकच गोष्ट बदलून परत बघायचं

काकूंच्या मुलाने डॉक्टरांना फोनवर विचारून फक्त संध्याकाळचं खाणं बदललं, खारी-चिवड्याच्या जागी बिनसाखरेचा चहा आणि थोडे भाजलेले फुटाणे, बाकी गोळी, भात, जेवायची वेळ सगळं तेच. विचारून का, तर खाणं कमी करून ग्लायमेपिराइड तेवढीच ठेवली की शुगर उतरण्याचा धोका असतो. पुढच्या आठवड्यात रात्रीच्या तीन जोड्या: १४३ आणि २०८, १३८ आणि २०१, १४९ आणि २१४. पहाटेचा एक आकडा ९१.

बघा, चढ जवळपास तोच राहिला, ७० चा ६५ झाला, पण सुरुवात १८२ वरून १४३ वर आल्यामुळे शेवट २५२ चा २०८ झाला. काकूंचं म्हणणं होतं, "अरे, भात सोडायला लागणार नसेल तर चिवड्याचं काही नाही मला." एकाच आठवड्यात संध्याकाळचं खाणं, भात आणि नाश्ता तिन्ही बदलले असते तर कशाने काय झालं ते कळलं नसतं, आणि भात विनाकारण बंद झाला असता.

नाश्त्याचं नंतर तसंच करायचं, आधी चहातली साखर आणि बिस्किटं, पोह्यांना मग हात लावायचा, त्यात मटार-शेंगदाणे वाढवून पोहे कमी करून बघायचं. उपासाच्या दिवसांची मात्र वेगळी जोडी घ्या. साबुदाण्याची खिचडी दोन तासांनी जो आकडा देते तो एकदा आईने स्वतःच्या मशीनवर बघितला की वेगळं समजवावं लागत नाही. दिवसभर काहीच न खाता करायचा उपास असेल तर गोळीचं काय करायचं ते आदल्या दिवशी डॉक्टरांना विचारायचं.

डॉक्टरांकडे काय न्यायचं

वही उघडून दाखवली तर ओपीडीत तिसऱ्या पानापर्यंत कोणी जात नाही. एक पान करा: वर एचबीए१सी, हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन, मशीन आणि लॅबची तुलना, खाली सात रकान्यांची सरासरी, आणि प्रत्येकात सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त आकडा, त्याखाली ७० च्या खाली कधी गेली का, आणि गोळ्या प्रत्यक्षात किती वाजता घेतल्या जातात, चुकतात किती. कागदावरची वेळ आणि खरी वेळ यांत तासाचा फरक असतोच. मग थेट विचारा: सकाळची आणि पहाटेची शुगर ठीक आहे, जेवणानंतरची जास्त आहे, तर रात्रीची गोळी वाढवायची की जेवणानंतरच्या शुगरवर काम करणारं काही द्यायचं? ठरवणार डॉक्टरच, गोळी आपण घरी कमीजास्त करायची नाही, पण आता त्यांच्यासमोर एका आकड्याऐवजी अख्खा दिवस असतो.

लक्ष्य किती हेही त्याच वेळी विचारून त्या पानावर लिहून घ्या. साधारणपणे फास्टिंग ८० ते १३०, जेवणानंतर १८० च्या आत आणि एचबीए१सी ७ च्या खाली असं सांगतात, पण वय जास्त, सोबत हृदयाचा किंवा किडनीचा आजार, शुगर खाली जाण्याची भीती असेल तर डॉक्टर ८ पर्यंतही चालवून घेतात. शेजाऱ्याच्या चाळिशीतल्या मुलाचं लक्ष्य ८० वर्षांच्या बाबांना लावू नका.

दोन वेळा मात्र पॅटर्नची वाट बघायची नाही. ७० च्या खाली आकडा आला की माणूस शुद्धीत असेल तर तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून लगेच, १५ मिनिटांनी परत टोचून बघायचं, तरी कमी असेल तर परत तेवढीच साखर, वर आली की काहीतरी खायला द्यायचं, आणि ५४ च्या खाली गेली असेल किंवा असं पुन्हा झालं तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचं. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीच घालायचं नाही, थेट दवाखाना. आणि हात धुवून परत बघूनही शुगर ३०० च्या वर राहत असेल, सोबत उलट्या, ताप, धाप किंवा गुंगी असेल तरी थेट दवाखाना.

पुढचं एचबीए१सी बदलानंतर तीन महिन्यांनी करा, महिन्यात केलं तर त्यात जुना काळ निम्मा असतो आणि आई उगाच हिरमुसते. मधल्या काळात काकूंचं असं ठरलं: सकाळचा रोजचा आकडा आठवड्यातून दोनदाच, वाचलेल्या पट्ट्या आठवड्यातून एका नाश्त्याच्या आणि एका रात्रीच्या जोडीला, पहाटे तीनचा महिन्यातून एकदा आणि गोळी बदलली तर त्या आठवड्यात एकदा जास्त.